उडालेला निळा, विटलेला गुलाबी आणि ‘नॅचरल’ शेडची खरी किंमत

निळा किंवा गुलाबी रंग केसांवर पहिले पंधरा दिवस झळाळतो. महिन्याभरात त्याची रया जाते. गुलाबी रंग पिकलेल्या पेरूच्या गरासारखा फिकट दिसू लागतो, तर निळ्याला शेवाळी छटा येते. दरम्यान मुळांशी काळे केस वाढलेले असतात. अशा वेळी मुलाखत, घरातले लग्न, नवी नोकरी किंवा निव्वळ कंटाळा यापैकी काहीतरी निमित्त होते आणि दुकानातून ‘नॅचरल ब्राऊन’ किंवा ‘नॅचरल ब्लॅक’चा खोका घरी येतो. गुलाबी आणि निळा म्हणजे केमिकल, तपकिरी आणि काळा म्हणजे जवळजवळ निरुपद्रवी, अशी यामागची समजूत असते.

ॲलर्जीच्या दृष्टीने पाहिले तर बहुतेक वेळा वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गुलाबी रंग वर्षभर बिनतक्रार लावणाऱ्या व्यक्तीला तपकिरी रंगाने दोन दिवसांत डोळे उघडता येऊ नयेत इतकी सूज येऊ शकते. शिवाय ब्लीच केलेल्या केसांवर तपकिरी रंग थेट लावला, तर तो तपकिरी दिसेलच याचीही खात्री नसते. या दोन्ही गोष्टींचे कारण केसांच्या आत आहे.

रंग कुठे बसतो?

केसाचे बाहेरचे आवरण म्हणजे कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले पातळ खवले. त्यांच्या आत केसाचा मुख्य गाभा असतो. मेलॅनिन हे नैसर्गिक रंगद्रव्य याच गाभ्यात असते आणि भारतीय केसांत ते भरपूर असते. काळ्या केसांवर गुलाबी रंग नुसता लावला तर तो दिसतच नाही. म्हणून आधी ब्लीच करावे लागते. ब्लीचची पावडर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणाने खवले उघडतात आणि आतले मेलॅनिन मोडते. केस काळ्याचा लालसर, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिक्कट पिवळा होतो. या प्रवासात केसातल्या प्रथिनांचेही नुकसान होते. केस सच्छिद्र बनतो, पाणी पटकन शोषतो आणि आत गेलेला रंग तितक्याच पटकन सोडतो.

त्यानंतर लावलेले गुलाबी, निळे, जांभळे रंग बहुतेक वेळा ‘थेट रंग’ असतात. ते डबीत जसे दिसतात तसेच केसांवर दिसतात. त्यात काही मिसळावे लागत नाही आणि त्यांची रासायनिक क्रियाही होत नाही. रंगाचे तयार कण केसाच्या बाहेरच्या भागाला चिकटतात आणि प्रत्येक धुण्यात थोडे थोडे निघून जातात. म्हणूनच ते चार ते बारा आठवड्यांत विटतात.

दुकानातला टिकाऊ तपकिरी किंवा काळा रंग वेगळ्या पद्धतीने काम करतो. त्यात दोन बाटल्या किंवा दोन ट्यूब असतात. एकीतल्या मलमातले रेणू लहान आणि जवळजवळ रंगहीन असतात. दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साइड असते, ज्याला पार्लरमध्ये डेव्हलपर म्हणतात. दोन्ही एकत्र केल्यावर हे लहान रेणू केसांच्या गाभ्यात शिरतात आणि तिथे एकमेकांशी जोडले जाऊन मोठे, रंगीत रेणू तयार होतात. मोठे झालेले रेणू सहज बाहेर पडत नाहीत, म्हणून रंग टिकतो. पण केसात शिरण्याइतके लहान असलेले हेच रेणू त्वचेतही शिरू शकतात. खरा प्रश्न इथे सुरू होतो.

खोक्यातला पीपीडी

या लहान रेणूंमधला सर्वांत परिचित म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमीन, थोडक्यात पीपीडी. काही उत्पादनांत त्याऐवजी त्याचा जवळचा नातलग, टोल्युईन डायअमीन, असतो. साधारणपणे शेड जितकी गडद, तितके या पदार्थांचे प्रमाण जास्त. म्हणजे ‘सगळे झाकले जाईल’ म्हणून निवडलेल्या काळ्या रंगात ते सर्वाधिक असण्याची शक्यता असते. गुलाबी-निळ्या थेट रंगांत मात्र पीपीडी सहसा नसतो. त्यामुळे ‘मी इतके दिवस केस रंगवते, मला कधी काही झाले नाही’ या अनुभवाचा तपकिरी रंगाच्या बाबतीत काहीच उपयोग नाही. ती व्यक्ती वेगळ्याच पदार्थाला सरावलेली असते.

‘अमोनिया नाही’ असे खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, त्यानेही फसू नये. अमोनियाचे काम केसांचे खवले उघडण्याचे. त्याऐवजी दुसरा अल्कली वापरला की उग्र वास कमी होतो, पण पीपीडी तिथेच असू शकतो. ‘हर्बल’ या शब्दाचेही तसेच. मागच्या बाजूची बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचणे हा एकच खात्रीचा मार्ग आहे.

पीपीडीची ॲलर्जी ही उशिरा उठणारी ॲलर्जी आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा हा पदार्थ पहिल्यांदा ‘ओळखते’ तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. या ओळखीला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्यानंतर पुन्हा संपर्क आला की एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो. केसांच्या कडेची त्वचा, कान, मान आणि कपाळ लाल होते, खाज सुटते, बारीक पाण्याचे फोड येतात. पापण्यांची त्वचा अतिशय पातळ असल्याने तिथे सूज सर्वांत जास्त येते. डोक्याची त्वचा जाड असते, त्यामुळे रंग डोक्याला लावलेला असूनही कित्येकदा तिथे कमी आणि चेहऱ्यावर जास्त त्रास दिसतो. मग रुग्णाला वाटते की काहीतरी खाण्यात आले, किंवा डोळे आले. दोन दिवसांपूर्वी केस रंगवले होते हे विचारल्याशिवाय आठवत नाही.

ही ‘पहिली ओळख’ कधी कधी केसांच्या रंगातून झालेलीच नसते. जत्रेत, समुद्रकिनारी किंवा लग्नघरात हातावर काढलेली झटपट काळी मेहंदी हे तिचे एक मोठे कारण आहे. मेहंदीच्या पानाचा रंग नारिंगी ते तपकिरी असतो, काळाकुट्ट कधीच नसतो. अर्ध्या तासात हात काळा करणाऱ्या कोनात पीपीडी मिसळलेला असू शकतो, तोही किती आहे याचा पत्ता नसताना. लहानपणी अशा नक्षीच्या जागी खाज किंवा फोड आले असतील, तर पंधरा वर्षांनंतरही शरीर ते विसरलेले नसते. अशा व्यक्तीने पीपीडी असलेला रंग लावू नये आणि घरी चाचणीही करू नये. थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

कानामागचा ठिपका

कलपाच्या खोक्यावर त्वचेची चाचणी घेण्याची सूचना छापणे आपल्या देशात नियमाने बंधनकारक आहे. ती वाचणारे थोडे आणि पाळणारे त्याहून थोडे. चाचणी सोपी आहे. कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची चार-आण्याएवढी जागा साबणाने धुऊन कोरडी करावी. खोक्यावरील सूचनेप्रमाणे तयार केलेला रंग कापसाच्या काडीने ठिपक्याएवढा लावावा आणि वाळू द्यावा. छापील सूचनेत चोवीस तासांनी तो धुऊन पाहायला सांगितलेले असते. पण ही ॲलर्जी उशिरा उठणारी असल्याने ४८ तासांपर्यंत वाट पाहणे शहाणपणाचे, आणि शक्य असेल तर चौथ्या दिवशीही ती जागा एकदा पाहावी.

लाली, खाज, सूज, फोड यातले काहीही दिसले तर तो रंग वापरायचा नाही. ‘थोडीशीच खाज आहे’ हे इथे चालत नाही. ठिपक्याला थोडी खाज आली, तर संपूर्ण डोक्याला काय होईल याचा अंदाज करावा. चाचणी ज्या दिवशी ज्या खोक्याची घेतली, तोच रंग त्या वेळी वापरावा. पुढच्या वेळी पुन्हा चाचणी घ्यावी, कारण वर्षानुवर्षे कलप लावणाऱ्यालाही एखाद्या वर्षी अचानक ॲलर्जी सुरू होऊ शकते.

चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवावी. आधीच ॲलर्जी असेल तर ती बहुधा उघड करते. आजच्या संपर्कातून पुढे ॲलर्जी निर्माण होईल का, हे ती सांगू शकत नाही. शंका असेल तर रुग्णालयात पाठीवर पट्ट्या लावून शास्त्रीय पॅच टेस्ट करता येते. त्यात पीपीडी ठरलेल्या सौम्य प्रमाणात लावतात आणि साधारण दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी निकाल पाहतात.

तपकिरी लावला, हिरवा का झाला?

आता रंगाकडे वळू. नैसर्गिक तपकिरी केसात फक्त तपकिरी नसतो. त्यात लाल, नारिंगी आणि सोनेरी छटांची एक ऊबदार तळी असते. ब्लीच केल्यावर ही तळीच निघून जाते आणि उरतो तो फिक्कट पिवळा. सामान्य तपकिरी शेड अशा हिशेबाने बनवलेली असते की केसातली लालसर तळी तिला मदत करील. ती मदत मिळाली नाही की तपकिरी रंग राखाडी, मातकट किंवा चक्क हिरवट दिसतो.

निळ्याच्या बाबतीत अडचण दुप्पट असते. उरलेला निळा आणि खालचा पिवळा मिळून हिरवा होतो, हे चित्रकलेच्या तासाला प्रत्येकाने पाहिलेले असते. अशा केसांवर सोनेरी तपकिरी लावली तर पिवळ्यात आणखी पिवळा मिसळतो. राखी छटेची तपकिरी लावली तर तिच्यातला निळा-हिरवा अंश हिरवटपणा वाढवतो. हिरव्याला मारतो तो लाल आणि निळ्याला मारतो तो नारिंगी. म्हणून विटलेल्या निळ्यावर आधी तांबूस रंगाची तळी द्यावी लागते.

गुलाबी त्या मानाने सोयीचा. विटलेला गुलाबी स्वतःच लालसर असल्याने हरवलेल्या तळीचे थोडे काम तो करतो. त्यावर साधी, कुठल्याही बाजूला न झुकणारी तपकिरी शेड चांगली बसते. लालसर किंवा महोगनी तपकिरी लावली तर मात्र उन्हात केस जांभळट-लाल चमकतात. गुलाबी अगदीच फिका झालेला असेल तर तळी अपुरी पडते आणि तिथेही तांबूस रंगाची एक फेरी लागते.

एक उदाहरण, पहिल्या दिवसापासून

समजा, नाशिकमधली एकवीस वर्षांची विद्यार्थिनी आहे. मूळ केस जवळजवळ काळे. आठ महिन्यांपूर्वी दोनदा ब्लीच करून निळा रंग लावलेला. आता मुळांपासून आठ-नऊ सेंटिमीटर काळे केस, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. खाली खांद्यापर्यंत शेवाळी पट्टा. दोन आठवड्यांनी, सोमवारी, नोकरीची मुलाखत आहे. लहानपणी काळ्या मेहंदीने त्रास झाल्याची आठवण नाही.

पहिल्या सोमवारी ती रंग आणते. टिकाऊ रंगाऐवजी ‘डेमी-परमनंट’ प्रकारचा, कारण तिला केस फिके करायचे नाहीत, फक्त गडद करायचे आहेत. या प्रकारात डेव्हलपर सौम्य असतो. दोन ते तीन टक्क्यांच्या आसपासचे पेरॉक्साइड तिला पुरेसे आहे. सहा किंवा नऊ टक्क्यांचा डेव्हलपर आधीच अशक्त झालेल्या केसांना आणखी कमजोर करील आणि फायदा काहीच नाही. डेमी-परमनंटमध्येही पीपीडी किंवा त्याचा नातलग असतो, म्हणून चाचणीतून सुटका नाही. ती दोन शेड आणते: एक तांब्याच्या छटेची मध्यम फिकी, दुसरी साधी तपकिरी. बऱ्याच कंपन्यांच्या क्रमांकांत आधीचा आकडा गडदपणा सांगतो, ३ म्हणजे गडद तपकिरी, ५ म्हणजे फिकी तपकिरी. बिंदूनंतरचा आकडा छटा सांगतो आणि ४ हा बहुधा तांब्याचा असतो. तिच्या मुळांशी जुळणारी शेड २ किंवा ३ आहे, पण ती ४ क्रमांकाची साधी तपकिरी घेते. सच्छिद्र केस रंग अधाशासारखा शोषतात आणि ठरवल्यापेक्षा गडद दिसतात. गडद करणे पुढेही जमते, पण फाजील गडद झालेले फिके करायला पुन्हा ब्लीच लागते.

सोमवारी संध्याकाळी दोन्ही रंगांचे दोन वेगळे ठिपके कानामागे. उरलेले मिश्रण फेकून द्यायचे, ते साठवून ठेवता येत नाही. मधल्या दिवसांत दोन-तीन वेळा खोल सफाई करणाऱ्या शाम्पूने केस धुऊन निळा जितका उतरेल तितका उतरवायचा आणि प्रत्येक वेळी कंडिशनर लावायचा. उरलेला निळा काढण्यासाठी पुन्हा ब्लीच करायचे नाही. निळे रंगकण हट्टी असतात, कधी कधी ते जात नाहीत, पण केस जातो.

बुधवारी आणि शुक्रवारी ठिपक्यांची जागा पाहायची. दोन्ही वेळा त्वचा स्वच्छ. आता केसांची परीक्षा. गळालेला एक ओला, ब्लीच केलेला केस दोन बोटांत धरून हळू ताणायचा. थोडा ताणून पूर्ववत झाला तर ठीक. चुइंगमसारखा लांबत जाऊन परत आला नाही किंवा लगेच तुटला, तर रंगवण्याऐवजी तेवढे शेंडे कापणे हाच उपाय. तिचा केस तग धरतो. मग मानेजवळची, सहज न दिसणारी एक बारीक बट घेऊन दोन्ही टप्पे आधी तिच्यावर करून पाहायचे. बट वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पाहायची, ट्यूबलाइटखाली नाही. ओल्या केसांचा रंग आणि ट्यूबलाइटचा उजेड दोन्ही फसवतात.

शनिवारी प्रत्यक्ष काम. आदल्या दिवशी धुतलेले, कोरडे केस. त्याच दिवशी डोके खसखसून धुऊ नये, कारण त्वचेवरचे तेल हे थोडेसे संरक्षणच असते. कपाळाच्या कडेला आणि कानांवर पेट्रोलियम जेली, हातात हातमोजे, खिडकी उघडी. डोक्यावर जखम, फोड किंवा खाजवल्याचे ओरखडे असतील तर काम पुढे ढकलायचे.

पहिल्या टप्प्यात तांब्याची छटा फक्त शेवाळी भागावर लावायची. मुळांचे काळे केस आणि डोक्याची त्वचा यांना स्पर्श नको. तिच्या बाबतीत त्याची गरजच नाही, आणि रंग त्वचेला जितका कमी लागेल तितका ॲलर्जीचा धोका कमी. पंधरा-वीस मिनिटांनी, खोक्यावर सांगितलेल्या वेळेच्या आत, नुसत्या पाण्याने धुवायचे. शाम्पू नाही. टॉवेलने टिपल्यावर केस भिजलेल्या गुळासारखे, तांबूस-मातकट दिसतात. आरशात पाहून घाबरायचे नाही, हीच ती हरवलेली तळी. हिरवटपणा अजून डोकावत असेल तर तांबूस रंग त्या पट्ट्यावर आणखी एकदा लागतो.

दुसऱ्या टप्प्यात त्याच भागावर साधी तपकिरी शेड. आधी मधला भाग, शेवटी शेंडे, कारण शेंडे सर्वांत सच्छिद्र असतात आणि सर्वांत आधी गडद होतात. दर पाच मिनिटांनी एका बटेवरचा रंग पुसून पाहायचा. हवी तेवढी गडद छटा आली की थांबायचे, पण सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त कधीच नाही. जास्त वेळ ठेवल्याने रंग जास्त टिकतो ही समजूत चुकीची आहे, वाढतो तो फक्त त्वचेचा संपर्क. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचे आणि कंडिशनर लावायचा.

शनिवारी रंगवले आणि मुलाखत नंतरच्या सोमवारी आहे. मध्ये नऊ दिवस राहिले. त्रास व्हायचा असता तर तो पहिल्या तीन-चार दिवसांत दिसला असता. मुलाखतीच्या आदल्या रात्री रंगवणाऱ्याला ही सवलत नसते.

मेहंदीचा मार्ग

‘त्यापेक्षा मेहंदी लाव’ असा सल्ला घरोघरी मिळतो. शुद्ध मेहंदीत पीपीडी नसतो हे खरे. पण तिचा रंग पारदर्शक नारिंगी असतो. काळ्या केसांवर तो उन्हातली लाली वाटतो, तर ब्लीच केलेल्या केसांवर गाजरासारखा भडक दिसतो. त्यावर इंडिगोची, म्हणजे निळीच्या पानांची पूड लावून केस गडद करता येतात, पण ती दुसऱ्या टप्प्यात. ब्लीच केलेल्या केसांवर इंडिगो एकटीच लावली तर पिवळ्यावर निळा चढून पुन्हा हिरवेच केस हाती येतात. शिवाय मेहंदी केसांत घट्ट बसते आणि पुढे पार्लरमधल्या कुठल्याही प्रक्रियेत आड येते.

बाजारातल्या काळ्या मेहंदीच्या पाकिटांची गोष्ट वेगळी. पाण्यात कालवून तासाभरात केस काळे करणारी पूड केवळ पानांची नसते. अशा पाकिटात पीपीडी आणि पेरॉक्साइड एकत्र असू शकतात, काहींत धातूंचे क्षार असतात. धातूंचे क्षार असलेल्या केसांवर नंतर ब्लीच किंवा डेव्हलपर लावला तर केस गरम होऊन तुटू शकतात. म्हणून रंगवण्यापूर्वी पार्लरमध्ये मेहंदीचा पूर्वेतिहास न लपवता सांगावा आणि एका बटेची परीक्षा घ्यायला लावावी.

काही झालेच तर

रंग लावलेला असताना जळजळ होऊ लागली तर घड्याळाकडे पाहू नये. लगेच भरपूर कोमट पाणी आणि सौम्य शाम्पूने धुवावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कानामागे ओल, कपाळावर पुरळ किंवा पापण्यांवर सूज आली तर खोका बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे. घटकांची यादी पाहिली की निदान सोपे होते. घरातले जुने, दुसऱ्या कोणासाठी आणलेले स्टेरॉइड मलम चेहऱ्यावर, विशेषतः पापण्यांवर, स्वतःच्या मनाने लावू नये. त्वचेवर लिंबू, खोबरेल किंवा हळद चोळूनही उपयोग होत नाही. श्वास घ्यायला त्रास, ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांधी किंवा चक्कर अशी लक्षणे क्वचितच दिसतात, पण दिसली तर थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. रंग डोळ्यात गेला तर लगेच आणि बराच वेळ स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांना दाखवावा. याच कारणाने हे रंग भुवयांना आणि पापण्यांच्या केसांना कधीही लावू नयेत.

पीपीडीची ॲलर्जी ठरलीच तर ती आयुष्यभर राहते असे धरूनच चालावे. टोल्युईन डायअमीन असलेला ‘पीपीडीविरहित’ रंगही अशा अनेकांना त्रास देतो, कारण दोन्ही रेणू शरीराला सारखेच वाटतात. काही भूल देणारी मलमे आणि सल्फा गटातली काही औषधे यांच्याशीही कधी कधी हे नाते जुळते, म्हणून ॲलर्जीची नोंद स्वतःच्या केसपेपरवर करून घ्यावी. अशा व्यक्तीला गुलाबी-निळ्याच्याच जातीतला, म्हणजे तपकिरी थेट रंग वापरता येतो का, हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारून आणि चाचणी घेऊन ठरवता येते. तो दर काही आठवड्यांनी पुन्हा लावावा लागतो, पण झाकण्याचे काम करतो.

नाशिकच्या उदाहरणातल्या मुलीलाही एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. तिचा तपकिरी रंग चार-सहा आठवड्यांत विटू लागेल आणि शेंड्यांना तांबूसपणा येईल, कारण सच्छिद्र केस रंग धरून ठेवत नाहीत. त्या वेळी दुसरा खोका फोडण्याआधी दोन पर्याय तपासावेत. थेट तपकिरी रंगाचा मास्क महिन्यातून एकदा लावला तर पीपीडीचा नवा संपर्क टळतो. किंवा दर दोन-तीन महिन्यांनी तीन-चार सेंटिमीटर शेंडे कापले तर वर्ष-दीड वर्षात ब्लीच केलेला भाग संपतो आणि झाकण्यासारखे काही उरतच नाही.